काच येईपर्यंत पडवीत

माझी थोरली बहीण, अक्का, निमोण्याला तिच्या सासरी वारली, तेव्हा तिच्या अंगाखाली घोंगडी होती. आमच्या वडिलांची मेंढरं होती तोवर घरात घोंगड्यांना तोटा नव्हता. लोकरीला विटाळ होत नाही असं आमच्यात मानतात. म्हणून बाईला कावळा शिवला की बसायला, निजायला घोंगडीच देतात. चार दिवस घोंगडीवर काढायचे, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. अक्काचं घरात येणं हळूहळू थांबलं. आधी महिन्यातून दोनदा बाहेर बसायला लागली, मग तीनदा, आणि शेवटी रोजच जायला लागलं. जिचं रोज जातंय तिला घरात कधी घेणार? तिची घोंगडी गोठ्याच्या कडेला गेली आणि तिथंच राहिली.

मी तेव्हा दौंडहून तिला भेटायला गेले होते. तिची जाऊ भाकरी वरून टाकायची, तांब्यातलं पाणी ओंजळीत धार धरून द्यायची. अक्काच्या अंगाला वास यायला लागला होता. ती मला म्हणाली, "लांब बस गं, तुला परत अंघोळ करावी लागंल." मी लांब बसले. सगळे बसत होते तशीच. पुढं बैलगाडीत घालून तिला शिरूरला दवाखान्यात नेली, तेव्हा डॉक्टरांनी हात धुतले आणि भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं की पिशवीच्या तोंडाला कॅन्सर झालाय, फार उशीर केलात. तिथून परत आणली. पुढचं लिहीत नाही.

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही, आणि हे कोणी वाचावं अशी इच्छाही नाही. पण ज्या गोष्टी तोंडाने बोलता आल्या नाहीत त्या निदान कागदावर तरी याव्यात, असं आता वाटतं.

दौंडला आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत होतो. माझे मालक इंजिनावर फायरमन होते. त्या काळी वाफेची इंजिनं. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत पुन्हा काळे व्हायचे. घर म्हणजे पुढं एक खोली, मागं स्वयंपाकाची, आणि त्याच्यामागं पत्र्याची पडवी. मालक मनमाडकडे नाहीतर सोलापूरकडे गाडी घेऊन गेले की दोन-दोन दिवस यायचे नाहीत. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. एक मूल झालं होतं, तेही रडलं नाही. त्यानंतर काही नाही. दिवसभरात आत्याबाई आणि मी दहा वाक्यंसुद्धा बोलत नसू. त्यातली निम्मी मिठा-पिठाची.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. एक दिवस लाइनीजवळच्या बायकांच्या दवाखान्यातल्या सिस्टर चाळीतल्या नळावर आल्या. नगरकडच्या होत्या, उंच, पांढऱ्या साडीवर काळा पट्टा, आणि बोलणं एकदम मोकळं. हंडे लावलेल्या रांगेपुढं उभं राहून त्यांनी सांगितलं, की पुण्याहून डॉक्टरीणबाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येणार आहेत. पिशवीच्या तोंडाची तपासणी करणार आहेत. कापाकापी नाही, सुई नाही. तिथलं थोडं पुसून काचेवर घ्यायचं आणि काच पुण्याला पाठवायची. तिथं दुर्बिणीतून बघतात.

"पण आम्हाला तर काय बी होत न्हाई," कोणीतरी म्हणालं.

"ज्यांना काही होत नाही त्यांनीच यायचंय. रक्त जायला लागल्यावर आलात तर उशीर होतो. त्याच्या कितीतरी वर्षं आधी आतल्या पेशी बदलायला लागतात. बाईला कळत नाही, काचेला कळतं."

माझा हंडा भरून वाहायला लागला होता. मला हलता आलं नाही.

मग त्यांनी पथ्यं सांगितली. पाळी चालू असताना यायचं नाही, काचेवर नुसतं रक्तच दिसतं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहा दिवस जाऊ द्यायचे, आणि विसाव्याच्या आत यायचं, तो काळ सगळ्यात चांगला. यायच्या आधी दोन दिवस आत कसलं औषध घालायचं नाही. "आणि दोन दिवस नवऱ्यापासून लांब."

बायका हसायला लागल्या. माझ्या शेजारी एक ड्रायव्हरीणबाई राहायच्या. मुसलमान, वयानं मोठ्या, त्यांच्या तीन पिढ्या दौंडमध्येच गेल्या होत्या. सगळी चाळ त्यांना चाची म्हणायची. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हमारा आदमी मनमाडला गेला की आठ-आठ दिवस लांबच असतो. ते पथ्य आमचं रेलवेच पाळती!"

"मग पहिलं नाव तुमचं लिहिते, चाची."

"लिवा. मला काय भ्याव हाय? सात लेकरं काढली त्या तोंडातून, एक काच काय जड जाती?"

पुन्हा हसणं. मीही पदर तोंडाला लावला, पण हसू आलं नव्हतं.

आत्याबाईंना सांगायला मला तीन दिवस लागले. "तपासून यावं म्हणते," एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं मी मुलासाठी जाते. म्हणाल्या, "आता कुठं? इतकी वर्सं न्हाई झालं ते काच बघून व्हनार हाय का?" अक्काचं नाव काढायचं माझ्या ओठावर आलं होतं. ते तिथंच राहिलं. पण जाऊ नको असं त्या म्हणाल्या नाहीत.

त्या पहिल्या रविवारी दिवस बरोबर होते. मालकही सोलापूरकडे गेलेले. म्हणजे सगळी पथ्यं आपोआप पाळली गेली होती. सकाळी उठले तर आत्याबाईंनी चुलीवर कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी उकळत ठेवलेलं. त्यात तुरटीचा खडा. आमच्याकडे पाचव्या दिवशी बाई डोक्यावरून पाणी घेते, तेव्हा आतूनही त्या पाण्यानं धुऊन घेते. बाळंतिणीलाही तेच.

"डॉक्टरीणबाईफुडं अशीच जानार व्हय? काय म्हनंल ती, धनगराची बाई घानेरडी म्हनंल. घे, नीट धू."

मी धुतलं. चांगलं दोनदा धुतलं. आपल्याला बघणारी बाई शिकलेली, पुण्याची. मला तर आणखी एक तांब्या असता तर बरं असंच वाटत होतं.

दवाखान्यात सिस्टरांनी एकेकीला विचारलं. माझा नंबर आला तेव्हा म्हणाल्या, "आत काही घातलं नाही ना?"

"न्हाई."

"धुतलं?"

"व्हय. लिंबाच्या पाण्यानं. तुरटी घालून."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, सांगितलं होतं ना, आत औषध नको?"

"ते औषध कुठंय, सिस्टर? अंघोळ हाय ती."

 त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक माझीच. मी नुसतं औषध म्हणाले, धुणं म्हणालेच नाही. बघा, काचेवर ज्या पेशी यायला पाहिजेत त्या वरवरच्याच असतात. तुम्ही तुरटीनं सगळं धुऊन टाकलंत. काच रिकामी जाईल, आणि रिकामी काच म्हणजे चांगली काच नाही. पुढच्या महिन्यात या. दोन दिवस आत पाणीसुद्धा नाही. बाहेरून नेहमीसारखी अंघोळ करा, बस."

माझ्यासारख्या त्या दिवशी आणखी चौघी परत गेल्या. सगळ्या तुरटीच्या. चाचींची मात्र काच गेली. बाहेर आल्यावर त्यांनी मला धीर दिला, "कुछ नहीं, बेटी. थंड चमचा घातल्यासारखं वाटतं. मी तर वर छताकडं बघून दूधवाल्याचा हिशेब केला."

तो महिना फार लांब गेला. रात्री मालक नसले की मी पुढच्या खोलीत एकटी पडून असायची. अक्काचं कसं सुरू झालं असेल याचा विचार करायची. तिलाही आधी काही होत नव्हतं. तीही नळावर, म्हणजे त्यांच्या आडावर, उभी राहून हसत असेल. मग मला पोटात काहीतरी टोचल्यासारखं वाटायचं आणि मी उठून बसायची. टोचायचं थांबलेलं असायचं.

पुढच्या महिन्यात पाळी अशी आली की डॉक्टरीणबाईंचा रविवार बाराव्या दिवशी पडत होता. मी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजलं. चार दिवस नेहमीसारखी पडवीत घोंगडीवर बसले. अक्का गेल्यावर तिच्या सासरच्यांनी तिची घोंगडी धुऊन माहेरी परत पाठवली होती. वडिलांनी ती मला दिली. तीच माझ्या अंगाखाली असायची. पाचव्या दिवशी अंघोळ करून घरात आले. सगळं ठीक होतं.

मग गुरुवारी कळलं, की मालक शुक्रवारी मनमाडहून येणार आणि त्यांना दोन दिवसांची विश्रांती आहे.

एरवी मला किती आनंद झाला असता. पण ते घरी आल्यावर काय होणार हे मला ठाऊक होतं, आणि नको म्हणायची भाषा मला ठाऊक नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या गोष्टीवर आमच्यात एक शब्द कधी झाला नव्हता. तो दिवा विझल्यावरचा कारभार. आता दिव्याच्या उजेडात त्यांना काय सांगू? की दोन दिवस लांब राहा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय? म्हणजे डॉक्टरीणबाईंना, सिस्टरांना, साऱ्या नळाला आपलं हे माहीत आहे असंच की. आणि दुसरीकडे आत्याबाई. त्या रविवारी पहाटे पुन्हा पाणी उकळणार. त्यांना कितीही सांगितलं तरी "मागच्या वेळंला तुलाच धुता आलं न्हाई नीट" एवढंच त्या म्हणणार.

शुक्रवारी दुपारी मी घोंगडी घेतली आणि पडवीत जाऊन बसले.

बाहेर बसलेल्या बाईला कोणी शिवत नाही. नवरा तर नाहीच. आणि उठायच्या दिवसापर्यंत तिला तुरटीचं पाणीही कोणी देत नाही. दोन्ही पथ्यं एका घोंगडीनं पाळली जात होती. रविवारी सकाळी म्हणायचं, थांबलं, आणि साधी अंघोळ करून निघायचं. मला वाटलं, आपल्याला कधी नव्हे ते शहाणपण सुचलं.

आत्याबाई पीठ मळत होत्या. मला पडवीत बघून त्यांचे हात थांबले.

"काय गं?"

"बसले."

"बसले म्हंजी? आत्ताच तर उठलीस. आठ दिस बी झालं न्हाईत."

मी खाली बघितलं.  पिठाचे हात तसेच धरून त्या उभ्या राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. महिन्यातून दोनदा. अक्काचं अस्संच सुरू झालं होतं, आणि ते आत्याबाईंना माहीत होतं. अक्काच्या दहाव्या-बाराव्याला त्याच तर आल्या होत्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. "न्हाई हो आत्याबाई, तसं काय न्हाई." एवढंच. पण मग तसं नाही तर कसं, हे सांगावं लागलं असतं.

मालक संध्याकाळी आले. हातपाय धुतले. पुढच्या खोलीत आत्याबाई त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. मग ते स्वयंपाकाच्या खोलीतून आले आणि पडवीच्या उंबऱ्याच्या आत उभे राहिले. कंदील त्यांच्या मागं होता, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं.

"बरं न्हाई का?"

"बरं हाय."

"तुझ्या अक्कासारखं तर न्हाई ना गं?"

इतकी वर्षं त्यांनी अक्काचं नाव काढलं नव्हतं. मला वाटत होतं ते विसरलेत. मी नाही म्हणून मान हलवली. अंधारात त्यांना ती दिसली की नाही कोण जाणे.  मग म्हणाले, "रविवारी जा. दवाखान्यात," आणि आत गेले.

शनिवारी आत्याबाईंनी भाकरी आणली. नेहमी त्या ताट जमिनीवर ठेवून सरकवतात. त्या दिवशी लांबूनच टाकली. मुद्दाम नाही. हात तसा वागला. भाकरी माझ्या मांडीवर पडली, आणि मला गोठा दिसला, अक्काची जाऊ दिसली. मी खोटी बसलेली बाई. पण भाकरी खरीच होती. मी ती खाल्ली.

रविवारी मी म्हणाले, "थांबलंय, मी जाऊन येते." आत्याबाई म्हणाल्या, "मी येते संगं." ज्या बाईनं मला "आता कुठं" म्हणून टोकलं होतं, ती आता डोक्यावर पदर घेऊन माझ्या चार पावलं पुढं चालत होती. लांबून, पण पुढं.

दवाखान्याच्या ओसरीवर बाकावर सात-आठ बायका होत्या. सिस्टरांनी माझं नाव घेतलं तशा आत्याबाई उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाई, हिला महिन्यात दुसऱ्यांदा जातंय. हिची भन अशीच गेली."

बाकावरच्या बायकांनी लुगडी आवरून घेतली. माझ्या शेजारची थोडी सरकली. कोणी वाईट वागलं असं नाही. सगळ्याच जणी सरकतात.

सिस्टरांनी मला हाताला धरून आत नेलं. शुक्रवारपासून मला कोणी हात लावला नव्हता. पडद्याआड नेऊन त्यांनी विचारलं, "किती जातंय?"

मी पडद्याकडे बघितलं.

"हे बघा, पाळीचंच रक्त असेल तर आज काच घेता येणार नाही, पुढच्या महिन्यात या. आणि पाळी नसताना जात असेल तर काचेवर भागणार नाही. मग डॉक्टरांनी नीट बघायला हवं, पुण्याला पाठवावं लागेल. दोन्ही वेगळं आहे. तुम्ही खरं सांगितल्याशिवाय आम्हाला कळणार नाही."

पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, भांड्यात काहीतरी खणखणत होतं. ओसरीवर आत्याबाई होत्या. दोन्हींच्या मधे मी.  मी सिस्टरांच्या पट्ट्याच्या बक्कलाकडे बघत म्हणाले, "जात न्हाई."

"काय?"

"जातच न्हाई काही. मालक घरी आले होते. दोन दिवस लांब राहायचं होतं. सांगता येईना. म्हणून बसले. आणि बसलेल्या बाईला तुरटी देत न्हाईत."

 सिस्टरांनी तोंडावर हात धरला आणि खांदे हलायला लागले. "अगं बाई! म्हणजे सगळी पथ्यं पाळलीत की तुम्ही! एवढी तर आजवर कोणी पाळली नसतील." मग हसू थांबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बघितलं असावं. हळू आवाजात म्हणाल्या, "बाहेर नाही सांगत मी. जा, आधी लघवीला जाऊन या. लघवी साठलेली नसली की त्रास कमी होतो."

आत उंच टेबल होतं. सिस्टरांनी लुगडं वर घ्यायला सांगितलं आणि वरून चादर टाकली. पाय दुमडून गुडघे बाजूला सोडायचे. ते गुडघे सोडणं हेच सगळ्यात अवघड. माझे गुडघे माझं ऐकेनात. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. म्हणाल्या, "घाई नाही. श्वास तोंडानं हळू बाहेर सोडा. सोडताना मांड्या सैल होतात." मी श्वास सोडला. खरंच झाल्या.

त्यांनी ते धातूचं हत्यार मला आधी दाखवलं. बदकाच्या चोचीसारखं. कोमट पाण्यातून काढलं होतं, तरी आत गेलं तसं गार लागलं. दुखलं म्हणावं असं नाही. दाब. आतून कोणीतरी जागा करून बसावं तसा. मग चोच उघडली तेव्हा तो दाब वाढला, आणि माझं अंग आवळून आलं. "श्वास सोडा," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

खिडकीच्या काचेला पांढरा रंग दिलेला होता. बाहेर इंजिन शंटिंग करत होतं. पुढं, थांब, मागं. ते माझ्या मालकांचं इंजिन नव्हतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याचंच ऐकत राहिले.

"आता थोडं खरवडल्यासारखं वाटेल." आइस्क्रीमच्या चमच्यासारखी चपटी लाकडी पट्टी असते, आता मी पाहिलेली आहे, तेव्हा नुसती जाणवली. आत खोल कुठंतरी पट्टी गोल फिरली. नख फिरवल्यासारखं. पोटात खालच्या बाजूला पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी एक बारीक कळ आली आणि गेली. एवढंच. एखादा श्लोक म्हणेपर्यंत संपलं. हत्यार बाहेर आलं तेव्हा मला ते सगळं इतकं लहान वाटलं, की ह्यासाठी आपण काय काय केलं ते आठवून कानकोंडं झालं.

सिस्टरांनी पट्टी काचेवर फिरवली आणि काच लगेच एका बरणीत बुडवली. बरणीतून स्पिरिटचा वास आला. वाळू द्यायची नाही म्हणे, वाळली की पेशी बिघडतात. काचेच्या टोकाला आकडा कोरलेला होता, नाव नाही.

"एखादा दिवस डाग दिसला तर घाबरू नका," त्या म्हणाल्या. "खरवडल्याचा असतो. जास्त गेलं तर मात्र या. काचेचा निकाल तीन-चार आठवड्यांनी येईल."

बाहेर येऊन त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "मावशी, मी आतून बघितलंय. रक्त वगैरे काही नाही. काळजी करू नका." आत्याबाईंनी मान डोलावली. वाटेत म्हणाल्या, "त्या काय सांगत्यात. काच सांगंल तवा खरं."

आणि संध्याकाळी माझ्या फडक्याला डाग पडला. गुलाबी, करंगळीच्या नखाएवढा. सिस्टरांनी सांगितलेलाच. पण फडकं धुताना आत्याबाईंनी बघितलं.

त्यानंतर त्यांनी मला घरात ये म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही. माझं ताट पडवीत येत राहिलं, माझा तांब्या वेगळा राहिला. दुसऱ्या दिवशी डाग नव्हता, तिसऱ्या दिवशी नव्हता. मी अंघोळ केली तरी स्वयंपाकघराच्या दारात आत्याबाई अशा बसलेल्या असत की त्यांना ओलांडून जाता येऊ नये. काच येईपर्यंत मी पडवीत राहिले. मालक आठवड्यातून तीनदा-चारदा घरी असत. ते उंबऱ्याशी यायचे, "जेवलीस का?" विचारायचे. मी "व्हय" म्हणायची. अंगात काही नसलेली मी, अक्काच्या घोंगडीवर, पत्र्यावर पडणारी कोळशाची कणी ऐकत.

तेव्हा मला अक्काचं दुखणं कळलं. पिशवीचं नव्हे. माझं खोटं होतं, तरी मला रात्र जात नव्हती. तिचं खरं होतं, आणि मीही तिच्यापासून लांब बसले होते.

एकच बाई तेवढी यायची. चाची. मागच्या बाजूनं यायच्या आणि सरळ घोंगडीवर टेकायच्या, माझ्या अंगाला अंग लागे. "माझी काच अच्छी आली," म्हणाल्या. "तुझी बी येईल. आणि हे काय गं, तुमच्यातलं? आमच्यात नमाज तेवढी माफ असती, बाई घरातच असती." आत्याबाई आतून खाकरायच्या. चाची मुद्दाम आणखी पाच मिनिटं बसायच्या.

काच आली त्या दिवशी सिस्टर नळावर आल्या आणि मला शोधत थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. मालक घरी होते. "काच चांगली आहे," त्या म्हणाल्या. "दोष काही नाही. पण एकदा चांगली आली म्हणजे कायमची सुटका असं नाही. बहिणीचं माहीत आहे ना, पुढच्या वर्षी पुन्हा या. तशीच पथ्यं पाळून." शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबत चटकन पाठ वळवली.

आत्याबाई उठल्या. माझं ताट पडवीतून उचलून त्यांनी आत इतर भांड्यांत ठेवलं. चुलीत राख होती ती काढली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंग ते दुसऱ्यांदा कशानं गेलं?"

मी घोंगडीची घडी घालायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या रात्री दिवा विझायच्या आधी मी मालकांना सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं. "गेलंच नव्हतं. तुमच्यापासून दोन दिवस लांब राहायला सांगितलं होतं. मला बोलता येईना."

 मला वाटलं ते झोपले.

"एवढ्यासाठी?"

"व्हय."

"मला म्हनायचं होतंस. मी शेडमधी झोपलो असतो की."

रागानं नाही म्हणाले. अगदी सहज म्हणाले. इंजिनांच्या शेडमधे बाकं होती, जोडीदार होते, त्यांना तिथं झोपायची सवयच होती. इतकं सोपं होतं ते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी त्या दिवसांत इंजिनावर कोळसा टाकत होतो, आन् मनात म्हनत होतो, आता हिचं बी गोठ्यात..."   आम्ही दोघं दोन कडांना पडून राहिलो.

पुढच्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या रविवाराआधीच्या शुक्रवारी मालकांनी आपली वळकटी बांधली. मी काही सांगितलं नव्हतं. दिवसही त्यांनीच मनात धरले असावेत, मी पडवीतून कधी उठले ते बघून. आत्याबाईंसमोर म्हणाले, "दोन दिस शेडवर हाय मी. लई गाड्या हायेत." आणि दारातून जाताना, मागं न बघता, "रविवारी जाऊन ये."

त्या रविवारी पहाटे आत्याबाईंनी पाणी तापवलं. नुसतं पाणी. आत पाला नव्हता, तुरटी नव्हती. त्यांना कोणी सांगितलं, मी विचारलं नाही.

त्याआधीची शुक्रवारची आणि शनिवारची रात्र मी पुढच्या खोलीत गादीवर काढली. विटाळ नव्हता, घोंगडी पेटीत होती. शेडकडून शिट्टी ऐकू आली की मनात यायचं, ते जागे असतील का. हात पसरला तर जागा रिकामी. अक्कासाठी कोणी असं वळकटी घेऊन गेलं असतं तर, असंही मनात यायचं. तिला कोणी पुसून काचेवर घेतलं नाही. मी डोळे मिटून श्वास तोंडानं हळू बाहेर सोडला, टेबलावर शिकवला होता तसा, आणि रविवारची वाट बघत पडून राहिले.